साठ वॅटचा फ्रिज

तिला सगळे थेंबताई म्हणत. खरं नाव मतदारयादीत असेल, पण घरोघरी कोंबड्या पाळणाऱ्या बायांना तिचं काम ठाऊक होतं, नाव नव्हे. पिल्लू डाव्या हातात असं धरायचं की त्याची मान दोन बोटांत अलगद राहील, उजव्या हातानं डोळ्यात लसीचा एकच थेंब सोडायचा आणि त्यानं पापणी मिटेपर्यंत सोडायचं नाही. मानमोडीची लस. हा रोग खुराड्यात शिरला की कोंबडीची मान पिळवटते, हिरवट पातळ शिट पडते आणि आठवडाभरात खुराडं रिकामं होतं. थेंबताईच्या सत्तावीस घरांत सहा वर्षांत तो शिरला नव्हता. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

लस मिळायची जनावरांच्या दवाखान्यातून, महिन्याची एकदम. छोट्या काचेच्या कुप्या, तळाशी चिमूटभर पांढरी पूड, घालायच्या वेळी सोबतच्या पाण्यात विरघळवायची. ती पूड जिवंत असते. म्हणजे तिच्यात रोगाचेच जंतू असतात, पण मवाळ केलेले. दोन ते आठ अंशांत ठेवली तर जिवंत, उबेला राहिली की हळूहळू मरते. आणि मेली तरी दिसते तशीच पांढरी. या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. दूध नासलं तर वास तरी येतो.

जुना फ्रिज गेल्या थंडीत बंद पडला, तेव्हा कुप्यांपुरता एक लहान फ्रिज घ्यायचं ठरलं. तिचा थोरला भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा. पंचवीस वर्षं त्याच धंद्यात, हाताला कायम तेलाचा वास. तो म्हणाला, "काँप्रेसरचा घे. लहान का असेना, पण काँप्रेसरचा." थेंबताईनं मात्र दुकानात दुसराच पाहून ठेवला होता. पांढरा, गुळगुळीत, उशीएवढा हलका, आत निळा दिवा. मोटर नाही, गॅस नाही, आवाज म्हणाल तर मागच्या पंख्याची कुजबुज. हा मुद्दा मोठा होता, कारण फ्रिज ठेवायचा होता सासऱ्यांच्या खोलीत, आणि सासरे असे की शेजारच्या घरात कुणी कूस बदलली तरी यांची झोप उडायची. काँप्रेसर दर थोड्या वेळानं खडखड करून सुरू होणार, घरघरणार, धक्का देऊन थांबणार. म्हाताऱ्यानं घर डोक्यावर घेतलं असतं.

शिवाय पाठीमागची चिकटपट्टी तिनं वाचली होती. याची साठ वॅट, काँप्रेसरवाल्याची ऐंशी.

"साठ कमी की ऐंशी?" तिनं भावाला विचारलं. "का तुमच्या धंद्यात उलटं मोजतात?"

"उलटं नाही गं. तो साठ खातो, पण खातच राहतो. चोवीस तास. ऐंशीवाला खातो आणि झोपतो. पुरेसं गार झालं की मोटर बंद." भाऊ हातवारे करून सांगायला लागला. "आणि त्याच्यात असते एक चकती. वीज सोडली की एका बाजूची ऊब दुसऱ्या बाजूला ढकलते. बस्स. खोली जेवढी गरम, त्याच्या खाली अठरा-वीस अंश जाणार. त्याच्यापुढं नाही. काय वाट्टेल ते कर."

"मग वीस खाली पुरे की! आज खोलीत बावीस आहे."

"आज आहे."

"दादा, खरं सांग. ज्याच्यात मोटर नाही तो बिघडला तर तुला कोण बोलावणार? हेच दुखतंय ना तुला?"

ती चेष्टेत बोलली, पण त्याला लागलं. तो चहा अर्धाच ठेवून उठला. थेंबताईनं नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी साठ वॅटचा फ्रिज घरी आणला. सासऱ्यांच्या खोलीत भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तो मापानं बसला. सासरे खूश. हा आहे की नाही तेच कळत नाही, म्हणाले.

थंडी होती तोवर फ्रिजनं नाव ठेवायला जागा ठेवली नाही. उलट आतल्या कुप्या गोठतील की काय म्हणून तिला बटण कमी करावं लागायचं. दवाखान्यानं एक वही दिलेली होती. तारीख, सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, सही. थेंबताई रोज सकाळी साडेसहाला तापमापकाचा काटा बघायची आणि लिहायची. पाच. सहा. पाच. मग पिशवीत बर्फाचा डबा घालून फेरीला निघायची, ती दिवे लागायच्या सुमारास परत. दमून आल्यावर स्वयंपाक, सासऱ्यांची औषधं, कारखान्यात रात्रपाळीला जाणाऱ्या नवऱ्याचा डबा. त्यात वही कुठली आठवायला? म्हणून संध्याकाळचा रकाना ती सकाळीच भरून टाकायची. सकाळी पाच, तर संध्याकाळी सहा लिहायचे. एखाद दिवशी सात. सारखाच आकडा बरा दिसत नाही, एवढं भान होतं. यात खोटेपणा आहे असं तिला कधी वाटलं नाही. फ्रिज तोच, कुप्या त्याच, मग आकडा कुठं जाणार?

उन्हाळा आला. वर पत्रा, एक खिडकी, आणि तीही सासऱ्यांना झळ लागते म्हणून बंद. सकाळी साडेसहाला त्या खोलीत पंचवीस-सव्वीस असायचं आणि फ्रिजमध्ये सहा. काटा आपला गुणी मुलासारखा जागेवर. दुपारी खोलीचं काय होतं ते थेंबताईला माहीत नव्हतं असं नाही. सासरे ओला पंचा डोक्यावर घेऊन ओसरीत येऊन बसत, ते तिला माहीत होतं. पण म्हातारा तापतो आणि फ्रिजही तापतो, या दोन गोष्टी तिनं कधी शेजारी ठेवल्याच नाहीत.

मानमोडी शिरली ती आत्याकडं.

आत्या थेंबताईची कुणी लागत नव्हती. ती साऱ्या वस्तीचीच आत्या. एकशे ऐंशी कोंबड्या, एक मुलगा, एक सून. मुलगा अंडी पोचवायचा, आत्या दाणे आणि हिशेब सांभाळायची, आणि बाकीचं सगळं सुनेकडं: खुराडं झाडणं, पाणी भरणं, पाण्याची भांडी घासणं. सून बारीक चणीची, कमी बोलणारी. थेंबताई फेरीला गेली की ती मागच्या अंगणात राखेनं भांडी घासताना दिसायचीच. एकदा थेंबताई तिला म्हणालीही होती, "अगं कोंबड्या पिणार आहेत त्यात, नवरदेव नव्हे." तेव्हा ती हसली होती, तोंडावर हात ठेवून.

पहिल्या दिवशी चार मेल्या, दुसऱ्या दिवशी एकोणीस. आठवड्यात अंगणात चुन्याचा खड्डा आणि अकरा कोंबड्या उरल्या, त्यातल्या तिघींच्या माना वाकड्या. थेंबताई रोज जाऊन आली. या कोंबड्यांना तिनंच महिन्यापूर्वी थेंब घातले होते.

जनावरांचा डॉक्टर आला. आधी तो थेंबताईच्या घरी आला, सकाळी आठला. फ्रिज उघडला, काटा पाहिला. सात. वही चाळली. तीन महिन्यांचे आकडे, सकाळ-संध्याकाळ, सही एका रेषेत. "अशी वही मला दहा ठिकाणी दिसत नाही," तो म्हणाला. थेंबताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग दोघं आत्याकडं गेले. डॉक्टरनं खुराडं बघितलं, दाणे हुंगले आणि पाण्याच्या एका भांड्याच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला हिरवा बुळबुळीत थर लागला. आठ दिवस घरात मरण चाललेलं, भांडी कोण घासतंय? पण डॉक्टरनं ते बोट आत्यापुढं धरलं.

"लस व्यवस्थित होती, त्याची नोंद मी पाहून आलो. मग गडबड इथं आहे. असल्या पाण्यानं पक्षी कमजोर होतो, आणि कमजोर पक्ष्यात रोग घुसतो. भांडी कोण बघतं?"

आत्यानं सुनेकडं पाहिलं. तिच्या नवऱ्यानं पाहिलं. अंगणात जमलेल्या शेजारणींनीही पाहिलं.

"मी रोज घासते," सून म्हणाली. "रोज. ताईंनी बघितलंय."

आणि सगळे थेंबताईकडं वळले. तिला एवढंच म्हणायचं होतं, हो, घासते ती. तीन शब्द. पण ते म्हटलं असतं तर भांडी बाजूला पडली असती आणि मागं उरली असती फक्त लस. तेव्हा तिला फ्रिजबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. वहीवर तिचा विश्वास होता. तरी तिच्या तोंडून निघालं ते असं:

"मी काही रोज येत नाही गं."

सुनेनं मान खाली घातली. थेंबताई घरी आली आणि नेहमीसारखी जेवली.

दोन दिवसांनी भाऊ आला. अबोला संपवायला आला नव्हता, सासऱ्यांचा पंखा अडकला होता म्हणून आला. रविवार होता, वेळ दुपारी तीनची. खोलीत पाऊल टाकलं आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. पंख्याचं काम झालं तसं त्यानं हात पुसले, आणि धंद्याची सवय म्हणा, कोनाड्यातल्या फ्रिजच्या मागं हात घातला.

"अगं, इकडं ये."

मागं बोटं भाजावीत इतकी ऊब होती. फ्रिजचा पंखा आतली ऊब बाहेर टाकत होता आणि कोनाडा ती तशीच त्याला परत देत होता. भावानं दार उघडलं. निळा दिवा लागला. थेंबताईनं तापमापकाचा काटा पाहिला, मग चष्मा पुसून परत पाहिला.

चोवीस.

"दार उघडं राहिलं असेल," ती म्हणाली.

"दार आत्ता मी उघडलं."

"मग तो काटा बिघडला."

भावानं पिशवीतून स्वतःचा तापमापक काढला. एक वायर फ्रिजमध्ये सोडली, दुसरी खोलीत टांगली. दहा मिनिटं जाऊ दिली. खोलीत बेचाळीस, आत चोवीस.

"अठरा खाली," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. "बिघडला नाहीये तो. त्याचं काम नीट करतोय. एवढंच काम आहे त्याचं."

त्याच संध्याकाळी त्यानं दुकानातून एक लहान काँप्रेसरचा फ्रिज आणून त्याच खोलीत, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवला. दोन्हींच्या प्लगला विजेचा एकेक मीटर लावला आणि म्हणाला, उद्या दिवसभर बघ, घरीच थांब. थेंबताईनं फेरी बुडवली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दुसरा दिवस तिनं दोन फ्रिजांसमोर स्टुलावर बसून काढला. सकाळी साडेसहाला दोघंही सारखेच सज्जन. कोनाड्यातला सहा, काँप्रेसरचा चार. नऊला एक दहावर, दुसरा चारवर. अकराला पंधरा. तिला दिसत होतं, खोली एकेक पायरी चढत होती आणि साठवाला तिचा पदर धरून मागोमाग चढत होता. काँप्रेसरवाला घरघरत होता, थांबत होता, पुन्हा घरघरत होता. खोली तापली तसे त्याचे थांबे लहान झाले, पण काटा चार आणि पाचच्या मध्येच राहिला. सासरे ओसरीतून ओरडले, ही कसली गिरणी आणलीस? दुपारी तीनला एकात तेवीस, एकात पाच. त्या तेविसात ज्या कुप्या होत्या, त्याच तिनं सकाळच्या बर्फात घालून, किती काळजीनं, उन्हापासून जपत घरोघरी नेल्या होत्या. रोज दुपारी मरून रोज सकाळी गार होणाऱ्या कुप्या.

भाऊ आला आणि त्यानं मीटर वाचले. चोवीस तासांत साठवाल्यानं जवळजवळ दीड युनिट जाळलं होतं. ऐंशीवाल्यानं एक युनिटही नाही, पाऊण आणि वर थोडं.

"तुझी बचत," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"बोल ना. बोल तू."

"नाही बोलत. आता सांग, यातली लस कुणाकुणाला दिलीस?"

उन्हाळा लागल्यापासून सत्तावीस घरं. तिनं वही उघडली. संध्याकाळचा रकाना तिच्याच अक्षरात होता. सहा, सात, सहा, सहा. यातली एकही संध्याकाळ तिनं पाहिली नव्हती. ती रडायला लागली, आणि रडताना तिला स्वतःचीच चीड आली, कारण एकशे सत्तर कोंबड्या मेल्या तेव्हा ती रडली नव्हती.

सासऱ्यांना सगळं ऐकू गेलं होतं. दारात उभे राहून ते म्हणाले, "डॉक्टरनं वही पाहिली ना? चोख म्हणाला ना? मग तू कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस? फ्रिज बदल आणि गप्प बस."

"आणि सत्तावीस घरं, मामंजी?"

"त्यांना नवी लस दे. कुणाला काय कळतंय?"

सल्ला वाईट होता, आणि तिला तो गोड लागला. तिनं जुन्या कुप्या उकळत्या पाण्यात टाकल्या. फुटल्याचं सांगून दवाखान्यातून नव्या आणल्या, काँप्रेसरच्या फ्रिजमध्ये लावल्या, आणि घरोघरी जाऊन "यंदा उन्हाळा कडक आहे, एक थेंब जादा" म्हणत पुन्हा लस घालायला लागली. बाया खूश. किती काळजी घेते, म्हणाल्या. चार दिवस असे गेले. या चार दिवसांत ती आत्याच्या गल्लीनं गेली नाही. तिथं थेंब घालायला उरलं तरी काय होतं? पाचव्या दिवशी एका बाईनं पिल्लू धरता धरता सहज सांगितलं, आत्याकडं फार तमाशा चाललाय म्हणे सुनेवरून, नवरा तर अंगावर धावून जातो. थेंबताईच्या हातातून थेंब पिल्लाच्या चोचीवर पडला. तिनं पिशवी आवरली आणि तिथूनच निघाली.

आत्या अंगणात एकटीच बसली होती. खुराड्याचं दार काढून भिंतीला टेकवलेलं. पाण्याची भांडी ओळीनं उपडी घातलेली, लखलखीत. थेंबताईनं बसायचीही वाट पाहिली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. फ्रिज कसला होता, तो कुठं ठेवला होता, दुपारी काटा कुठं जायचा, वहीतले संध्याकाळचे आकडे कुठून यायचे. चार दिवस आपण गप्प होतो तेही सांगितलं. बोलताना तिला वाटत होतं, आता ही उठेल, शिव्या देईल, केस धरेल. तिला ते हवंही होतं.

आत्या शेवटपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "तिनं कबूल केलंय."

"काय?"

"सुनेनं. भांडी घासत नव्हते म्हणून. तीन दिवस नाही नाही म्हणत होती. ताईंना विचारा, ताईंना विचारा, एकच धोशा. मी म्हटलं, ताईंना सगळ्यांसमोर विचारलं की! माझ्या लेकानं हात उचलला, मी अडवला नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, हो आई, चुकलं माझं, नव्हते घासत. आम्ही म्हटलं, बघा, आता कसं खरं बोलली."

थेंबताईनं घराच्या दाराकडं पाहिलं. "कुठं आहे ती?"

"लेक तिला सकाळच्या गाडीनं सोडायला गेलाय. माहेरी. कायमची." आत्यानं पदरानं तोंड पुसलं, पण डोळे कोरडे होते. "जायच्या आधी बसून ही सगळी भांडी घासली तिनं. मी म्हटलं, आता काय उपयोग? तर म्हणाली, राहू द्या आई, मी घासत नव्हते ना, मग आता तरी घासते."

उरलेल्या कोंबड्यांपैकी एक, मान वाकडी झालेली, भिंतीच्या कडेनं गोल गोल फिरत होती.

"तू बघितलं होतंस ना तिला घासताना?" आत्यानं विचारलं.

"हो."

"रोज?"

"जेव्हा जेव्हा आले तेव्हा."

आत्यानं मान हलवली. मग उठली, आत गेली, आणि दार लावून घेतलं.